साठातले नऊ सेकंद

साधना मेश्रामच्या नाकावर राग असतो, असं कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे म्हणतात. ते खोटं नाही. पण तो राग तिथं कसा आला आणि कोणी आणून ठेवला, हे कोणी विचारत नाही. यवतमाळच्या वेशीबाहेर, सोयाबीनच्या शेतांना लागून असलेल्या या इंजिनिअरिंग कॉलेजात ती संगणक प्रयोगशाळेची सहायक आहे. वय सव्वीस. नेमणूक कंत्राटी, दर मार्चला नवी होणारी. याच कॉलेजातून ती पास झाली आणि याच कॉलेजात कुलुपं उघडायला लागली. तिच्या बॅचचे लोक भेटले की हसून म्हणतात, तू तर सुटलीच नाहीस. तिला ते हसणं अजिबात आवडत नाही.

दरवर्षी प्लेसमेंटचा हंगाम आला की तिच्या गळ्यात आणखी एक काम पडतं. कंपन्या आता सुरुवातीलाच माणसं पाठवत नाहीत. आधी प्रत्येक पोराने साठ सेकंदांत स्वतःची ओळख करून देणारा व्हिडिओ पाठवायचा. तो आवडला तर पुढची मुलाखत, नाहीतर रामराम. हे व्हिडिओ काढायचं काम साधनाचं. त्याचा कागद नाही, आदेश नाही, जादा पैसा तर नाहीच. पण काम ती असं करते की शहरातल्या स्टुडिओवाल्यानेही मान खाली घालावी.

प्रयोगशाळेच्या पूर्वेकडच्या खिडकीसमोर ती पोराला बसवते. खिडकी समोर हवी, पाठीमागे आली तर चेहरा काळा पडतो. मागे कोरी भिंत. फोन आडवा, स्टँडवर, डोळ्यांच्या बरोबर उंचीला. स्टँड बुटका पडतो म्हणून खाली जुन्या परीक्षांचे गठ्ठे. चौकटीत छातीपासून वर माणूस दिसावा आणि डोक्यावर चार बोटं जागा राहावी. फोनचा मागचा कॅमेरा वापरायचा, म्हणजे पोरं स्वतःचंच तोंड बघत बसत नाहीत. पोरांची नजर भिरभिरते म्हणून ती स्वतःच्या कपाळावरची टिकली काढून कॅमेऱ्याच्या काचेच्या अगदी वर चिकटवते आणि सांगते, हिच्याशी बोल. पंखा बंद, बाकीचे मोबाइल बंद, दाराला कडी. कॉलेजाकडे ब्लेझर तीनच. बारीक पोरांना ते पोत्यासारखे होतात, तेव्हा पाठीमागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. समोरून साहेब, मागून दोरीवरचं धुणं. चौकटीत मागचं दिसत नाही.

एवढं सगळं नीट करून ती ज्या गोष्टीवर येऊन आपटायची, ती म्हणजे नयन सरांचं भाषण. नयन सर प्लेसमेंटचे प्रमुख. त्यांनी काही वर्षांपूर्वी इंग्रजीत एक नमुना लिहून ठेवला होता आणि तो देवाच्या आरतीसारखा सर्वांनी पाठ करायचा होता. ‘मायसेल्फ अमुक, आय हेल फ्रॉम तमुक’ इथून तो सुरू व्हायचा आणि माझं बलस्थान कष्ट, माझा दोष म्हणजे मी लोकांवर पटकन विश्वास ठेवतो, इथे संपायचा. यंदा शेवटच्या वर्षाची अठ्ठावन्न पोरं होती. अठ्ठावन्न जणांचा दोष एकच. कंपनीत बसलेल्या माणसाला वाटत असेल, यवतमाळ जिल्हा म्हणजे निव्वळ भोळ्यांचा मुलूख.

त्यातही साठ सेकंद पोरांच्या वाट्याला पूर्ण यायचेच नाहीत. पहिले नऊ सेकंद संस्थापक आबासाहेबांचे. हार घातलेला फोटो, त्यावर हळूहळू पडणाऱ्या पाकळ्या, मागे बासरी आणि खाली संस्थेचं ब्रीदवाक्य. गावातला लग्नाचे व्हिडिओ करणारा पियुष ते प्रत्येक व्हिडिओच्या आधी जोडून द्यायचा. आबासाहेब गेले त्याला बारा वर्षं झाली. आता त्यांचे चिरंजीव बबनराव संस्थेचे अध्यक्ष. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. कॉलेजात कार्यक्रम कोणताही असो, आधी आबासाहेबांच्या फोटोला हार, मग बाकीचं. व्हिडिओलाही तोच रिवाज लागला. आपल्या बापाला नमस्कार करावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण नोकरी मागायला निघालेल्या पोराच्या एका मिनिटातून नऊ सेकंद कापून नमस्कार करायचा, हे साधनाला कधी पटलं नाही. एकदा तिने नयन सरांना तसं म्हटलंही. सर म्हणाले, तू फक्त शूटिंग कर.

यंदा गोष्ट अडली ती समीक्षा आडेवर. दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरची पोरगी. संगणक शाखेत हुशार, पण बारावीला तिला चौपन्न टक्के होते. कंपन्यांची अट साठची. दहावी, बारावी, डिग्री, सगळीकडे साठ. म्हणजे हिने इंजिनिअरिंगला कितीही गुण मिळवले तरी चार कंपन्यांनी तिला दारातच परत पाठवलं होतं. पुण्याची एकच कंपनी अशी आली की जिने टक्क्यांची अट ठेवली नव्हती. आम्ही व्हिडिओ पाहून ठरवू, असं तिचं म्हणणं. त्यामुळे बाकीच्यांना हा व्हिडिओ म्हणजे अनेक दारांतलं एक दार होता. समीक्षाला एकच दार होतं आणि ते शुक्रवारी दुपारी चारला बंद होणार होतं.

गुरुवारी ती खुर्चीवर बसली. नयन सरांचा कागद तिने पाठ केला होता, पण पाठ केलेलं माणूस बोलत नाही, ओकतं. पहिल्या टेकला ती ‘हेल फ्रॉम’वर अडली. दुसऱ्याला गावाचं नाव विसरली, स्वतःच्या गावाचं. चौथ्याला सगळं बरोबर आलं, पण एकेचाळीस सेकंदांत, श्वास न घेता. मग सरांनीच येऊन कागद स्टँडच्या शेजारी चिकटवून दिला. तो वाचताना तिचे डोळे डावीकडून उजवीकडे असे फिरायला लागले की बघणाऱ्याला वाटावं, शेजारी कोणीतरी बंदूक घेऊन उभं आहे. अकराव्या टेकला तिच्या चेहऱ्यात जीव उरला नाही. चौदाव्याला ती रडली. सर घड्याळात पाहून म्हणाले, हिचा सातवा टेक पाठवून द्या, तसंही हिचं काही होणार नाही, आणि ते निघून गेले.

साधनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तो कागद ओढून काढला, फाडला आणि पंखा लावला. समीक्षाला पाणी दिलं, ब्लेझर उतरवायला लावला. आठ टेकनंतर कोणाचाच चेहरा उरत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. चांगला टेक येतो तो तिसरा नाहीतर चौथा, आणि तो गेला की माणसाला उठवून पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागतं.

“तू खरं काय केलं ते सांग मले,” ती म्हणाली. “सराचं नको. तुयं.”

समीक्षा नाक पुसत म्हणाली की तसं काही केलं नाही. मग हळूहळू निघालं. तिची आई मानीबाई तांड्यावरच्या बचत गटात आहे. गटाने सोयाबीनच्या मळणीसाठी थ्रेशर घेतलं. हंगामात आधी कोणाच्या शेतात जायचं यावरून बायकांची दरवर्षी भांडणं, एकदा तर डोकं फुटलं. समीक्षाने दुसऱ्या वर्षाला असताना एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. नाव नोंदवलं की नंबर लागतो, पाऊस आला की सगळ्यांच्या तारखा आपोआप पुढे सरकतात आणि प्रत्येकीच्या मोबाइलवर मेसेज जातो. दोन हंगाम झाले, भांडण नाही.

एवढं करून ही पोरगी, माझा दोष म्हणजे मी लोकांवर विश्वास ठेवते, असं घोकत बसली होती.

मग दोघींनी बसून नवीन लिहिलं. पूर्ण वाक्यं नाहीत, नुसते पाच मुद्दे: नाव, थ्रेशर, पाऊस, काय शिकले, काय काम पाहिजे. एका मिनिटात सव्वाशे-एकशेतीस शब्द निवांत बसतात. त्याहून जास्त कोंबले की माणूस धापा टाकतं, म्हणून साधनाने मोबाइलवर घड्याळ लावून तिला तीनदा बोलून पाहायला लावलं. पंखा बंद केला. समीक्षा स्वतःच्या साध्या निळ्या कुर्त्यातच बसली. इंग्रजी तिचं तुटकंच होतं, पण आता ते तिचं होतं. ‘इन माय तांडा, पीपल वेअर फायटिंग फॉर द थ्रेशर. नाऊ दे चेक देअर मोबाइल,’ एवढं बोलून ती आपोआप हसली, आणि ते हसू कोणी शिकवून येणारं नव्हतं. तिसरा टेक. सत्तावन्न सेकंद. शेवटचं वाक्य संपवून ती टिकलीकडे पाहत क्षणभर तशीच शांत बसली, जसं सांगितलं होतं तसं. साधनाला धुतलेली चादर वाळत घातल्यासारखं स्वच्छ वाटलं.

शुक्रवारी सकाळी नयन सरांनी तो व्हिडिओ पाहिला आणि पहिला शब्द काढला तो म्हणजे सत्तावन्न अधिक नऊ, सहासष्ट. साठच्या वर फाइल जाणार नाही. थ्रेशरचं कापून टाका, नाहीतरी कंपनीला शेतीतलं काय करायचंय. नाहीतर पियुषला सांगा, थोडा वेग वाढवून देईल. मागच्या वर्षी तीन पोरांचा वेग असाच वाढवला होता. ती पोरं व्हिडिओत भांडणाऱ्या साळुंक्यांसारखी बोलत होती. साधनाने विचारलं, नऊ सेकंद कापले तर? सरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने आबासाहेबांच्या फोटोचा हारच काढायला सांगितला.

कंपनीने नेमकं काय लिहिलंय ते तरी पाहावं, म्हणून ती प्रयोगशाळेत येऊन बसली. फाइली तिलाच चढवायच्या असल्याने प्लेसमेंटच्या मेलचा पासवर्ड तिच्याकडे होता. कंपनीचं नाव टाकून तिने शोधलं. सूचना सापडली. साठ सेकंदांपर्यंत, एकाच टेकमध्ये, शीर्षक, संगीत, जोडकाम काहीही नको. जोडकाम केलेले व्हिडिओ पाहिले जाणार नाहीत. इंग्रजी इतकं सोपं होतं की पहिल्या वर्षाच्या पोराला कळावं.

आणि त्याच्या खाली आणखी एक मेल दिसला. दोन हजार एकवीसचा. हीच कंपनी, तेव्हाही आली होती. तेव्हा कोरोनामुळे सगळं बंद होतं, म्हणून पहिल्यांदाच व्हिडिओ मागवले होते. आपल्या महाविद्यालयाकडून आलेले सर्व त्रेचाळीस व्हिडिओ जोडकाम केलेले आहेत, नियमाप्रमाणे आम्ही ते पाहू शकत नाही, मूळ फाइली चार दिवसांत पाठवल्यास जरूर विचार करू, असं कंपनीने लिहिलं होतं. सोबत त्रेचाळीस नावांची यादी. उत्तर कोणी पाठवलं नव्हतं. मूळ फाइली तिच्या उजव्या हाताच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर पडल्या होत्या, तेव्हाही आणि आताही.

यादीत एकोणिसावं नाव साधना मेश्राम होतं. सव्विसावं संघदीप भगत, जो गॅदरिंगचं सूत्रसंचालन एकटा चार तास करायचा.

पाच वर्षं तिने मानलं होतं की कंपनीवाल्यांनी तिला पाहिलं, ऐकलं आणि नाकारलं. आपला रंग, आपले दात, आपलं ‘व्ही’ला ‘डब्ल्यू’ म्हणणं, यातलं कशाने घात केला असेल, हे तिने किती वेळा आरशापुढे उभं राहून शोधलं होतं. त्यानंतर दोन मुलाखतींना ती गेलीच नाही. आता कळत होतं की तिला कोणी पाहिलंच नव्हतं. हारातला फोटो पाहून त्यांनी खिडकी बंद केली होती.

मेलचा कागद छापून ती नयन सरांच्या खोलीत गेली. सरांनी तो वाचला, आणि दार लोटून घेतलं. हो, आला होता, ते म्हणाले. पण आबासाहेबांचा फोटो काढा म्हणून भाऊसाहेबांना सांगणार कोण? पुण्यतिथी तोंडावर होती. चार दिवस गेले असेच. मग म्हटलं, आता पोरांना सांगून तरी काय, उगाच गोंधळ. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“मूठ तुमची होती सर,” साधना म्हणाली. “आत आम्ही होतो.”

एवढंच बोलून ती बाहेर पडली. आणखी बोलली असती तर हातात सापडलं ते फेकलं असतं, आणि टेबलावर पेपरवेट होतं.

दुपारी दोन ते पावणेचार तिने अठ्ठावन्न मूळ फाइली एकेक करून चढवल्या. रोल नंबर, नाव, कंपनीने सांगितलं तसंच. फोटो नाही, पाकळ्या नाहीत, बासरी नाही. ज्यांचे टेक आरतीसारखे होते, त्यातल्या नऊ जणांना तिने धावत बोलावून पुन्हा बसवलं. बाकीच्यांना वेळ उरला नाही, आणि त्याचाही तिला राग आला. समीक्षाची फाइल तिने सर्वांत आधी चढवली. न्याय म्हणून नाही. लाइट गेली तर निदान ती एक गेलेली असावी म्हणून.

साडेचारला भाऊसाहेबांचं बोलावणं आलं. नयन सरांनी वर्दी दिलीच होती. बबनराव टेबलामागे बसले होते, त्यांच्या मागे भिंतीवर आबासाहेब. साधनाने त्यांच्यापुढे तो कागद ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, ते ओरडतील. तिने त्यासाठी आवाज जमवून ठेवला होता. बबनरावांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

“हे मले कोणीच सांगतलं नाई,” ते म्हणाले. “मी एका कार्यक्रमात म्हटलं होतं का आबाचा फोटो सगळीकडं पाह्यजे. पोराईच्या व्हिडिओत टाका असं कोण म्हटलं?”

कोणीच म्हटलं नव्हतं. साहेबांच्या मनात असेल म्हणून सरांनी टाकला, सरांनी टाकला म्हणून पियुषने बासरी लावली, आणि एकदा हार घातलेला फोटो काढायला कोणाचा हात धजावला नाही. त्रेचाळीस पोरं एका न दिलेल्या हुकमात गेली. साधनाचा जमवलेला राग कोणावर टाकावा हेच तिला कळेना, आणि त्यामुळे तो आणखी वाढला. कोणी वाईट माणूस समोर असता तर बरं झालं असतं.

बबनराव मात्र अध्यक्षच होते. फोटोचं मी पाहीन, पण मला न विचारता काढला हे बरोबर नाही, लेखी खुलासा द्यायचा, असं त्यांनी सांगितलं. नेमणुकीचं मार्चमध्ये पाहू, हेही. साधनाने तिथेच उभ्याने खुलासा लिहिला. कंपनीच्या नियमात फोटो बसत नव्हता, नियमात पोरं बसत होती, म्हणून पोरं पाठवली. खाली सही.

सोळा दिवसांनी कंपनीची यादी आली. अठ्ठावन्नातले चौदा पुढच्या मुलाखतीला. कॉलेजच्या इतिहासात चौदा हा आकडा कोणी पाहिला नव्हता. समीक्षा आडेचं नाव तिसरं होतं, आणि तिच्या नावापुढे कोणीतरी लिहिलं होतं की हिला थ्रेशरबद्दल सविस्तर विचारायचं आहे. समीक्षा प्रयोगशाळेत धावत आली आणि त्याच खुर्चीवर बसली. नयन सरांनी पेढे मागवले आणि फलकावर ‘प्लेसमेंट विभागाचे यश’ असं लिहून खाली स्वतःची सही केली. साधनाने पेढा घेतला नाही.

चौदा. म्हणजे पाहिलं तर निवडतात. कालपर्यंत तो तिचा संशय होता, आता हिशेब झाला होता. तेव्हाच्या त्रेचाळीसमधूनही दहा-बारा जण निघाले असते. कोण, ते आता देवालाही सांगता येणार नाही. तिने दाराला कडी लावली, जुनी यादी काढली आणि फोन उचलला. प्राचार्य पत्र काढणार नव्हते, सर तर नाहीच. मग तिनेच सांगायचं होतं, एकेकाला.

पहिला फोन तिने संघदीपला लावला. तो आता दारव्हा-यवतमाळ काळीपिवळी जीप चालवतो. चार तास माइक न सोडणारा माणूस, भेटला की हल्ली मान हलवून निघून जातो. फोनवर मागे कोणीतरी, जीप कधी सुटते, असं विचारत होतं. साधनाने न थांबता सगळं सांगितलं. मेल, चार दिवस, कपाटातली डिस्क.

पलीकडे जीपचं दार लागल्याचा आवाज आला.

“म्हणजे त्याईनं पाह्यलंच नाई?” संघदीप म्हणाला.

“नाई. कोणाचंच नाई.”

“मी तं पाच वर्षं समजून राह्यलो का पाह्यलं, अन् नको म्हटलं.” मग अगदी हळू, दुसऱ्या कोणी ऐकू नये असं त्याने विचारलं, “तुयापाशी हाय काय तो? कसा बोललो होतो मी?”

साधनाने कपाट उघडलं, डिस्क जोडली आणि त्याची मूळ फाइल लावली. फोन स्पीकरजवळ धरला. एकवीस वर्षांच्या संघदीपने खणखणीत आवाजात स्वतःचं नाव सांगितलं आणि बोलायला सुरुवात केली. न अडखळता, एका टेकमध्ये, एकावन्न सेकंद. पलीकडे जीपचं इंजिन बंद झालं. प्रवासी काहीतरी विचारत होते आणि तो त्यांना म्हणत होता, जरा थांबा, ऐकू द्या.